वॉरंट कशाला लागते?

श्रोतेहो, गावात मारामारी झाली आणि मार खाल्लेला माणूस पोलीस ठाण्यावर गेला, की पुष्कळदा त्याला एकच उत्तर मिळते, "ही एन. सी. आहे, कोर्टात जा." माणूस हिरमुसला होऊन परततो. पोलिसांनी आपल्याला टोलवले, असे त्याला वाटते. कधी कधी ते खरेही असते. पण बहुधा त्या उत्तरामागे शंभर-दीडशे वर्षांचा एक कायदा उभा असतो. तो कसा आला आणि त्याचा अर्थ काय, हे आज पाहू.

आपला पहिला अखिल भारतीय फौजदारी प्रक्रिया कायदा 1861 साली झाला. त्याच साली पोलीस कायदाही झाला. त्याआधी 1855 मध्ये मद्रास इलाख्यात एक चौकशी मंडळ बसले होते. सरकारी वसुलीसाठी आणि कबुलीजबाबासाठी रयतेचा छळ होतो, हे त्या मंडळाने सरकारपुढे मांडले होते. तेव्हा पोलिसांच्या हाती अधिकार तर द्यायचा, पण मोकाट सोडायचा नाही, असा तो पेच होता. कायदा करणाऱ्यांनी तो एका तक्त्याने सोडवला. प्रत्येक गुन्ह्यापुढे लिहून ठेवले की, यात पोलिसाला वॉरंटावाचून पकडता येईल किंवा येणार नाही. पुढे 1898 च्या कायद्यातही तो तक्ता राहिला. वॉरंटावाचून अटक करता येते तो दखलपात्र गुन्हा. येत नाही तो अदखलपात्र. वॉरंट म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या सहीचा अटकेचा हुकूम. थोडक्यात, गाडा प्रथम कोणी हलवायचा, पोलिसाने की न्यायाधीशाने, एवढाच हा प्रश्न आहे.

आता कोणी म्हणेल, मोठा गुन्हा दखलपात्र आणि छोटा अदखलपात्र, झाले! साधारणपणे ते खरे आहे, पण सर्वस्वी नाही. चोरीला भारतीय दंड संहितेत तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, तरी ती दखलपात्र. न्यायालयात खोटी साक्ष देण्याला सात वर्षांपर्यंत, तरी ती अदखलपात्र. याचे कारण उघड आहे. चोर पळतो, माल नाहीसा होतो, तिथे मॅजिस्ट्रेटची सही येईपर्यंत थांबून कसे चालेल? उलट साक्ष खरी की खोटी, हे ज्या न्यायालयापुढे ती झाली त्यानेच ठरवावे. ते फौजदाराच्या मर्जीवर सोडण्यासारखे नाही.

आणि आता सर्वांत नवलाची गोष्ट. राजद्रोह हा इंग्रजांना सर्वांत झोंबणारा गुन्हा. 1898 च्या कायद्यात तो अदखलपात्र होता! 'केसरी'तील लेखांवरून लोकमान्य टिळकांना 24 जून 1908 रोजी मुंबईत अटक झाली ती वॉरंटावर. असा खटला भरायलाही सरकारची मंजुरी लागे. कोणा एका फौजदाराने लेख वाचला, त्याला तो खटकला आणि त्याने संपादकाला उचलून नेले, असे कायद्याने होऊ शकत नव्हते. याचा अर्थ टिळकांना न्याय मिळाला असा मुळीच नाही. सरकारने मंजुरी दिली, मॅजिस्ट्रेटने वॉरंट दिले आणि खटल्याअखेर सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. वॉरंट म्हणजे सुटका नव्हे. ती पोलीस आणि माणूस यांच्यामध्ये घातलेली एक पायरी आहे. पायरीवर बसलेला माणूस सरकारच्याच बाजूचा असेल, तर ती पायरी फारशी उपयोगाची नाही.

पण ती पायरी काढली कोणी, हे ऐकण्यासारखे आहे. ती इंग्रजांनी काढली नाही. 1973 चा नवा फौजदारी प्रक्रिया कायदा 1 एप्रिल 1974 पासून लागू झाला आणि त्याच्या तक्त्यात राजद्रोह दखलपात्र ठरला. म्हणजे पारतंत्र्यात ज्या कलमाखाली पकडायला वॉरंट लागे, त्याखाली स्वतंत्र भारतात वॉरंटावाचून अटक होऊ लागली. 2022 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा वापर थांबवला. 1 जुलै 2024 पासून जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही; पण देशाचे सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणण्याविषयीचे 152 वे कलम आहे, आणि तेही दखलपात्रच आहे. तक्त्यातला एक शब्द बदलला, की कोणाचा हात कोणाच्या दंडावर पडेल हे बदलते, ते असे.

आता आपल्या बांधावर येऊ. समजा, बांध कोरल्यावरून दोन शेजारी भांडले आणि एकाने दुसऱ्याला थपडा मारल्या. ही साधी दुखापत. 115 (2) वे कलम, अदखलपात्र. ठाणे अंमलदाराने ती वहीत नोंदवायची आणि फिर्यादीला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगायचे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अशा नोंदींचा अहवाल दर पंधरा दिवसांनी मॅजिस्ट्रेटकडे जातो. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. हुकूम मिळाला तर तपास होतो, पण वॉरंटावाचून अटक तरीही नाही. एक अपवाद ध्यानात ठेवा. पोलिसादेखत असा गुन्हा केला आणि नाव-पत्ता सांगायचे नाकारले, किंवा खोटे सांगितले, तर खरे नाव-पत्ता कळेपर्यंत धरता येते.

पण त्याच भांडणात दात मोडला किंवा हाड मोडले, तर ती जबर दुखापत होते आणि गुन्हा दखलपात्र. मग पहिली खबर लिहून घेणे हे पोलिसांचे कर्तव्यच आहे. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. एका घटनेत दोन गुन्हे असले आणि त्यांतला एक जरी दखलपात्र असला, तरी सारे प्रकरण दखलपात्र धरतात. म्हणून घोटाळा होतो तो बहुधा दाखल्यात. संध्याकाळी ठाण्यावर नुसती सूज दिसते, नोंद अदखलपात्र होते. दोन दिवसांनी क्ष-किरणात मोडलेले हाड दिसते. अशा वेळी घरी बसू नये. डॉक्टरचा दाखला आणि आधीच्या नोंदीचा क्रमांक घेऊन पुन्हा ठाण्यावर जावे.

दुसरी चूक याहून महागात पडते. वहीत नोंद झाली, आता पोलीस पाहतील, असे समजून माणूस स्वस्थ बसतो. पण साध्या दुखापतीची कमाल शिक्षा एक वर्षाची आहे, आणि अशा गुन्ह्याची दखल न्यायालय साधारणतः एका वर्षाच्या आतच घेते. नोंद म्हणजे फिर्याद नव्हे. तो आपण होऊन कोर्टात गेला नाही, तर वर्ष उलटते आणि दार लागते.

दखलपात्र म्हणजे अटक झालीच पाहिजे, असेही नव्हे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का हवी, याची कारणे पोलिसाने लिहावी लागतात. गरज नसेल, तर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते.

आणि ही सीमारेषा अजून हलते आहे. 2024 पासून पाच हजार रुपयांहून कमी किमतीची, पहिल्याच वेळची आणि माल परत केलेली चोरी अदखलपात्र झाली आहे. दीडशे वर्षे जी चोरी पोलिसाच्या हातात होती, तिचा हा तुकडा मॅजिस्ट्रेटकडे गेला. शिक्षकमित्रांनी वर्गात नागरिकशास्त्र शिकवताना तो तक्ता एकदा मुलांपुढे उघडावा. यापुढे ठाण्यावर कोणी "एन. सी. आहे" म्हणाले, तर कोणत्या कलमाखाली, हे विचारावे, नोंदीचा क्रमांक मागून घ्यावा, आणि तिथून कोर्टाची वाट धरावी.