तपकिरीच्या डबीतलं हाड

गेल्या जुलैत जिन्याच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि मी उजव्या तळहातावर आपटलो. थोडी सूज आली, अंगठ्याच्या बाजूला ठणका लागला. एक्स-रेचा रिपोर्ट 'नॉर्मल' आला. क्रेप बँडेज गुंडाळून घरी निघणार, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी मला अंगठा वर ताणायला लावला, त्याच्या बुडाशी पडलेल्या खळग्यात बोट दाबलं आणि मी ओरडलो. "प्लास्टर घालू या. दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढू," त्या म्हणाल्या.

फोटोत काही नसताना प्लास्टर कशासाठी? दोन आठवडे हात अडकलेला असताना मी याच प्रश्नामागे लागलो, आणि दोनशे वर्षं मागे गेलो.

त्या खळग्याला शरीरशास्त्रात 'स्नफबॉक्स', म्हणजे तपकिरीची डबी म्हणतात, कारण तपकीर ओढणारे त्यात चिमूटभर पूड ठेवून हात नाकाशी नेत. या डबीच्या तळाशी काजूएवढं एक हाड असतं, स्कॅफॉइड. होडीसाठीच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळालं.

1814 साली डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी मनगटाजवळच्या एका फ्रॅक्चरचं वर्णन लिहिलं. एक्स-रे यायला अजून ऐंशी वर्षं होती, तरी त्यांना ते ओळखता आलं, कारण त्यात हाताचा आकारच बदलतो. स्कॅफॉइड मोडलं तर आकार बहुधा बदलत नाही. त्यामुळे असे हात 'मुरगळला' या एका शब्दाखाली जमा होत राहिले.

1895 च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यानंतर दहा वर्षांनी, 1905 मध्ये, बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी चेस नावाच्या सहकाऱ्यासोबत स्कॅफॉइडच्या फ्रॅक्चरवर मोठा लेख लिहिला. मुरगळलं म्हणून सोडून दिलेल्या कित्येक मनगटांत हे हाड मोडलेलं असतं, हे त्यातून पुढे आलं. मला विशेष वाटलं ते हे की, हाताशी एक्स-रे असूनही त्यांनी तपासणीच्या खुणांमध्ये त्या खळग्यातल्या दुखण्याला जागा दिली. माझ्या डॉक्टरबाईंचं बोट त्याच जागी गेलं होतं.

आता फोटोला भेग का दिसत नाही ते पाहू. एक्स-रे म्हणजे सावली. किरण भेगेच्या रेषेतून सरळ आरपार गेले तर फोटोत काळी रेघ उमटते. ते तिरपे गेले तर भेगेच्या अलीकडचं आणि पलीकडचं हाड एकमेकांवर येतं आणि रेघ बुजते. स्कॅफॉइड मनगटात तिरपं बसलेलं असतं, त्यामुळे समोरून ते आखूड दिसतं. म्हणून हात करंगळीकडे वळवून एक वेगळा फोटो काढतात; तसं केल्यावर हाड लांब दिसतं. तरीही तुकडे जागचे हलले नसतील, तर केसाएवढी भेग निसटू शकते.

पुढचं काम शरीर स्वतः करतं. भेगेच्या कडेचं मेलेलं हाड पेशी साफ करतात, फट थोडी रुंदावते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत फोटोत दिसू लागते.

पण तोवर हात मोकळा ठेवणं धोक्याचं, आणि त्याचं कारण रक्तपुरवठ्यात आहे. या हाडात बरंचसं रक्त बोटांकडच्या बाजूने शिरतं आणि उलटं, कोपराकडच्या टोकाला जातं. हाड मध्यावर मोडलं की मागच्या टोकाचं रक्त तुटू शकतं. मग हाड जुळत नाही, कधी ते टोक मरतं, आणि काही वर्षांनी मनगटाचा सांधा झिजतो. सुरुवातीला ठणका ओसरतो, माणूस कामाला लागतो, आणि म्हणूनच हे लक्षात येत नाही.

खळग्यात दुखणाऱ्या प्रत्येकाचं हाड मोडलेलं नसतं, बहुतेकांचं नसतंच. एमआरआयमध्ये पहिल्या काही दिवसांतच हाडाच्या आतली सूज दिसते, त्यामुळे तो काढला तर उगाच प्लास्टर टळतं. ते शक्य नसेल तर प्लास्टर आणि दुसरा फोटो हाच रस्ता.

पंधराव्या दिवशी माझं प्लास्टर कापलं. नवा फोटो उजेडाच्या काचेवर लावला, तर काजूच्या बरोबर कमरेवर बारीक काळी रेघ होती. शेजारी जुना फोटो धरला. आता ती रेघ कुठे आहे हे माहीत असूनही मला त्यात ती सापडली नाही. बाईंनी नवं प्लास्टर भिजवायला घेतलं. ते आणखी सहा आठवडे हातावर राहिलं आणि हाड जुळलं.