‘आहे आहे’ सापडतं कसं? एका छोट्या \1 ची गोष्ट

तर मंडळी, आजचा भाग एका अगदी फालतू चुकीबद्दल. लिहिताना एकच शब्द लागोपाठ दोनदा पडतो आणि आपल्याला तो दिसत नाही. त्यातही पहिला शब्द ओळीच्या शेवटी आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असेल, तर डोळा हमखास फसतो.

ही चूक मशीनला पकडायला लावायची, तर त्याला ‘आत्ता जो शब्द दिसला, तोच पुन्हा’ असं सांगता आलं पाहिजे. 1968 मध्ये बेल लॅब्सच्या केन थॉम्पसननं रेग्युलर एक्स्प्रेशन शोधण्याची जी पद्धत छापली, ती वेगवान होती, पण काय दिसलं ते लक्षात ठेवत नव्हती. 1979 च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधल्या `ed` एडिटरमध्ये मात्र ही सोय होती. कंसात जे सापडेल ते लक्षात राहायचं आणि `\1` म्हटलं की तेच पुन्हा शोधलं जायचं:

```
g/\([a-z][a-z]*\) \1/p
```

आता गंमत बघा. यात `this is` सुद्धा सापडतं! का? तर `this` च्या शेवटी `is` आहे, मग एक जागा, मग पुन्हा `is`. म्हणून दोन्ही बाजूंना शब्दाची हद्द सांगावी लागते. त्यासाठी पुढे `\b` रूढ झालं.

त्याच आवृत्तीत अल्फ्रेड आहोचं `egrep` आलं. तेही वेगवान, पण त्यात `\1` नव्हतं. आठवण ठेवायची तर मागे फिरून पुन्हा पुन्हा तपासावं लागतं, आणि वेग तिथेच जातो.

पण खरी अडचण वेगळीच होती. `ed` काय, `grep` काय, एका वेळी एकच ओळ बघतात. म्हणजे डोळा जिथे फसतो, नेमकी तीच जागा यांनाही दिसत नाही! जेफ्री फ्रीडलनं 1997 च्या आपल्या रेग्युलर एक्स्प्रेशनवरच्या पुस्तकाची सुरुवातच या कोड्यानं केली. उपाय असा, की पर्लसारख्या भाषेत मजकुराचा मोठा तुकडा एकदम वाचायचा आणि मधल्या जागेसाठी `\s+` लिहायचं, कारण त्यात नवी ओळही येते.

मराठीत आणखी एक खोच आहे. पायथनच्या `re` मध्ये `\w` ला आपल्या काना-मात्रा अक्षरं वाटतच नाहीत, त्यामुळे `\b` शब्दाच्या मधेच हद्द मानतो. म्हणून मी अख्खी फाइल वाचून हे वापरतो:

```
(?<!\S)(\S+)\s+\1(?!\S)
```

म्हणजे जागेपासून जागेपर्यंत जे काही आहे, तो शब्द. यातही एक भोक आहे: ‘आहे आहे.’ निसटतं, कारण दुसऱ्याला पूर्णविराम चिकटलेला असतो. तेव्हा शोधण्याआधी विरामचिन्हं काढलेली एक प्रत बनवायची.

आणि सापडलं की लगेच ‘रिप्लेस ऑल’ नको हं! ‘गरम गरम भजी’ मधला एक ‘गरम’ उडाला, तर भजी तिथेच गार. यादी काढायची आणि एकेक वाक्य स्वतः वाचायचं.