गोटी वर कशी राहते?

गोटी सोड्याची बाटली हातात घेतली की गोटी बाटलीच्या गळ्यात, वरच्या रबरी कड्याला घट्ट चिकटलेली दिसते. वजनाने ती खाली पडायला हवी, पण पडत नाही. आतला वायू तिला खालून वर दाबून धरतो. अंगठ्याने गोटी आत ढकलली की ‘फट्’ असा आवाज होतो आणि सोडा उसळून वर येतो. ही बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास काढली. मात्र तिच्यामागचा नियम त्याच्याही सत्तर वर्षं आधी सापडला होता, आणि त्याची सुरुवात झाली एका दारूच्या भट्टीशेजारी.

१७६७ साली जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक इंग्लंडमधल्या लीड्स गावी राहायला आला. शेजारीच बिअरची भट्टी होती. आंबणाऱ्या बिअरच्या पिंपांवर एका जड वायूचा थर साचायचा आणि त्यात जळती काडी धरली की ती विझायची. हा आपला कार्बन डायऑक्साइड. प्रीस्टलीने या थरात दोन पेले धरून पाणी एकातून दुसऱ्यात ओतत ठेवलं. थोड्याच वेळात पाण्याला आंबूस, चुरचुरीत चव आली. पुढे त्याने खडू आणि सल्फ्युरिक आम्लापासून हा वायू तयार करून पाण्यात मुरवण्याची कृती शोधली आणि १७७२ मध्ये छापली.

त्याला पैसे नव्हे, खलाशी वाचवायचे होते. लांबच्या सफरीत स्कर्व्हीने खलाशांच्या हिरड्या सडायच्या, माणसं मरायची. हे पाणी त्यावर औषध ठरेल अशी त्याची आशा होती. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर त्याची उपकरणंही गेली. पण स्कर्व्ही होतो तो क जीवनसत्त्वाच्या अभावाने, आणि सोड्यात ते नसतं. औषध फसलं, पेय मात्र राहिलं.

प्रीस्टलीचा सोडा तसा मिळमिळीतच असणार. कारण साध्या हवेच्या दाबाला, २० अंश सेल्सिअसला, एक लिटर पाण्यात जेमतेम १.७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मुरतो. आजच्या कोल्याच्या बाटलीत लिटरमागे साधारण ७ ग्रॅम असतो. दाब वाढवला तर वायू जास्त मुरेल हे प्रीस्टलीनेही ओळखलं होतं. पण किती जास्त?

याचं उत्तर मँचेस्टरच्या विल्यम हेन्रीने दिलं. त्याचे वडील कृत्रिम खनिज पाणी बनवून विकत, म्हणजे प्रश्न घरातलाच होता. वेगवेगळ्या दाबांना आणि तापमानांना पाणी किती वायू शोषतं हे त्याने मोजलं आणि १८०३ मध्ये मांडलं. तापमान तेच ठेवून वायूचा दाब दुप्पट केला, तर मुरलेला वायूही दुप्पट होतो. आणि पाणी तापलं की त्याची वायू धरण्याची ताकद घटते.

आता कोल्याचा हिशोब ढोबळमानाने करून पाहू. लिटरमागे ७ ग्रॅम वायू धरून ठेवायला २० अंशांना हवेच्या सुमारे चौपट दाब लागतो. फ्रिजमध्ये ४ अंशांना पाणी जास्त वायू सामावतं, म्हणून अडीचपट पुरतो. तीच बाटली उन्हात ३५ अंशांवर गेली की दाब सहापटीच्या पुढे जातो. झाकण उघडताच वरचा दाब क्षणात हवेइतका होतो. थंड बाटलीत मुरलेला वायू त्याच्या अडीचपट जोराने बाहेर यायला बघतो, तापलेल्यात सहापट. म्हणून गरम कोला जास्त उसळतो.

पण हेन्रीचा नियम किती वायू राहील ते सांगतो. तो किती वेगाने निघेल ते सांगत नाही. स्वच्छ द्रवाच्या पोटात नवा बुडबुडा सहज जन्मत नाही. अगदी इवल्या बुडबुड्याचा पृष्ठताण त्याला दाबून मिटवून टाकतो. त्याला आयता आधार लागतो: काचेवरचा ओरखडा, धुळीचा धागा, त्यात अडकलेला हवेचा कण. बाटली हलवली की वरचा वायू असंख्य बारीक बुडबुड्यांच्या रूपाने द्रवात मिसळतो. हलवल्याने आतला दाब फारसा वाढत नाही, आधार वाढतात. त्याच क्षणी झाकण उघडलं, तर मुरलेला वायू एकदम या सगळ्या बुडबुड्यांत शिरतो, ते फुगतात आणि द्रवाला घेऊन बाहेर पडतात. बाटली थोडा वेळ उभी ठेवली की ते वर येऊन फुटतात आणि फेस आवरतो.

उघडी राहिलेली बाटली शेवटी पार मिळमिळीत होते, तेही याच नियमाने. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड इतका थोडा आहे की त्याच्या दाबाला पाणी जवळजवळ काहीच धरून ठेवत नाही. गोटी वर दाबलेली असते तोवरच सोडा सोडा असतो.