इंग्रजीतील ‘मायसेल्फ’ आणि ‘ईच अदर’ यांचा योग्य वापर

‘तिने स्वतःला दोष दिला’ आणि ‘तिने स्वतः पत्र लिहिले’ या दोन वाक्यांतला फरक मराठीत ‘ला’ या प्रत्ययावरून लगेच कळतो. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे ‘हरसेल्फ’ हेच रूप येते. त्यामुळे हा शब्द वाक्यात कोणते काम करतो, हे पाहावे लागते.

शब्द काढून पाहा

‘शी ब्लेम्ड हरसेल्फ’ यातून ‘हरसेल्फ’ काढल्यास दोष कोणाला दिला हेच उरत नाही. येथे तो आत्मवाचक, म्हणजे कर्त्याकडेच परत वळणारा शब्द आहे. ‘शी हरसेल्फ रोट द लेटर’ यातून तो काढला, तरी वाक्य पूर्ण राहते. फक्त ‘दुसऱ्या कोणी नव्हे, तिनेच’ हा जोर जातो. हा भरवाचक वापर आहे. ‘बाय हरसेल्फ’ म्हटले की अर्थ ‘एकटीने, मदतीशिवाय’ असा होतो.

चूक कुठे होते?

‘प्लीज कॉन्टॅक्ट द मॅनेजर ऑर मायसेल्फ’ हे कार्यालयीन पत्रांत नेहमी दिसते. संपर्क साधणारी व्यक्ती वाचक आहे, लिहिणारा नाही. म्हणजे क्रिया कर्त्याकडे परत येत नाही आणि जोर देण्यासाठी आधी ‘आय’ही नाही. ‘मॅनेजर’ वगळून वाचले की चूक कळते: ‘कॉन्टॅक्ट मायसेल्फ’ असे कोणी म्हणत नाही. तेथे ‘मला’ या अर्थाचा साधा ‘मी’ हवा. ओळख करून देतानाही ‘मायसेल्फ राजेश’ ऐवजी ‘आय अ‍ॅम राजेश’ म्हणावे.

स्वतःला की एकमेकांना?

दोन गाड्यांच्या अपघाताच्या अहवालात ‘द ड्रायव्हर्स ब्लेम्ड देमसेल्व्ज’ लिहिले, तर दोन्ही चालकांनी आपापली चूक मान्य केली असा अर्थ होतो. ‘ब्लेम्ड ईच अदर’ लिहिले, तर प्रत्येकाने समोरच्यावर खापर फोडले. भरपाईच्या दाव्यात हा फरक मोठा ठरू शकतो.

‘ईच अदर’ की ‘वन अनदर’?

दोघांसाठी ‘ईच अदर’ आणि दोनपेक्षा अधिकांसाठी ‘वन अनदर’, असा नियम शाळेत शिकवला जातो. तो 18व्या शतकापासून व्याकरणाच्या पुस्तकांत आहे. पण चांगल्या लेखकांनी तो कधीच काटेकोरपणे पाळला नाही. इंग्रजी वापराचे प्रसिद्ध कोशकार एच. डब्ल्यू. फाउलर यांनीही 1926 साली तो नाकारला. मराठीतला ‘एकमेकांना’ हा शब्दही माणसे मोजत नाही. परीक्षेत किंवा नियम पाळणाऱ्या संपादकाकडे लेखन जाणार असेल, तर नियम पाळावा. इतरत्र ‘द थ्री सिस्टर्स हेल्प्ड ईच अदर’ चूक ठरत नाही.

संबंध दाखवताना मात्र अपॉस्ट्रॉफी नेहमी ‘एस’च्या आधी येते, मग व्यक्ती कितीही असोत; कारण ‘अदर’ येथे एकवचनीच असतो.