कोठारातून निघालेलं माप

फार्माकॉलॉजीच्या एमडीचा औषधवापरावरचा प्रबंध उघडला की त्यात एक कोष्टक हमखास सापडतं. डावीकडे अँटिबायोटिक्सची नावं, मध्ये प्रत्येकाचा डीडीडी आणि शेवटच्या रकान्यात ‘दर १०० बेड-डेजमागे डीडीडी’. या शेवटच्या आकड्याचं मूळ रुग्णाच्या केसपेपरात नाही, औषधाच्या कोठारात आहे. हे ध्यानात ठेवलं तर कोष्टक नीट वाचता येतं.

१९६६-६७ मध्ये स्वीडनचे आर्थर एंगेल आणि हॉलंडचे पीटर सिडेरियस यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयासाठी सहा देशांतला औषधांचा खप पाहिला. देशादेशांत मोठी तफावत निघाली, पण ती मोजायची कशात? किंमत देशागणिक वेगळी, पाकिटात गोळ्या कमीजास्त. ग्रॅमही उपयोगाचे नाहीत, कारण एका औषधाचा दिवसाचा डोस मिलिग्रॅममध्ये, तर दुसऱ्याचा कित्येक ग्रॅम. १९६९ साली ऑस्लोत याच प्रश्नावर परिषद भरली आणि पुढे नॉर्वेत उत्तर तयार झालं. मुख्य आजारासाठी प्रौढ माणसाला चालू ठेवायचा सरासरी रोजचा डोस गृहीत धरायचा आणि खप त्याने भागायचा. हाच डीडीडी. १९७५ साली नॉर्वेची पहिली यादी निघाली, १९८२ मध्ये ऑस्लोत जागतिक आरोग्य संघटनेचं केंद्र उभं राहिलं आणि १९९६ पासून ही पद्धत जगभरासाठी झाली.

हे काम पुढे नेणारी संस्था, नॉर्स्क मेडिसिनालडेपो, ही नॉर्वेची सरकारी घाऊक औषधविक्रेती होती. तिच्या वह्यांत देशात किती माल गेला ते होतं. तो कुणाच्या पोटात गेला, ते नव्हतं. आपल्या रुग्णालयाच्या औषधभांडाराचीही हीच गत. वॉर्डाचा इंडेंट येतो, सिस्टर सही करतात, स्टॉक रजिस्टरात आकडा पडतो. म्हणून तर हे माप इथे इतकं सहज बसलं.

एक हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत. मेडिसिनचा ५० खाटांचा वॉर्ड, महिना ३० दिवसांचा, खाटा सरासरी ८० टक्के भरलेल्या. म्हणजे १२०० बेड-डेज. भांडारातून अमॉक्सिक्लॅव्ह ६२५ च्या ९०० गोळ्या गेल्या. पहिली चूक इथेच होते. ६२५ मध्ये अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम, उरलेलं १२५ क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड; डीडीडी धरायचा तो फक्त अमॉक्सिसिलिनचा. म्हणजे ४५० ग्रॅम. तोंडी घ्यायच्या औषधाचा डीडीडी दीड ग्रॅम, तेव्हा ३०० डीडीडी आणि दर १०० बेड-डेजमागे २५. ६२५ ने गुणलं असतं तर ३१.२५ आले असते. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमच्या साडेचार ग्रॅमच्या व्हायलचंही तसंच: मोजायचे ते पिपरासिलिनचे ४ ग्रॅम.

दुसरी अडचण यादीच्या इतिहासातून येते. अमॉक्सिक्लॅव्हचा हा डीडीडी २०१९ पूर्वी १ ग्रॅम होता, मेरोपेनेमचा २ ग्रॅम होता तो ३ झाला. तेवढ्याच गोळ्यांना जुन्या यादीने ३७.५ मिळाले असते. म्हणजे कुणी २०१७ च्या प्रबंधाशी आजचे आकडे ताडून ‘वापर एक तृतीयांशाने घटला’ असं लिहिलं, तर घट वॉर्डात झालेली नसून यादीत झालेली असू शकते. यादी कोणत्या वर्षाची ते पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं आणि जुना खप नव्या डीडीडीने पुन्हा मोजायचा, एवढाच त्यावर उपाय.

भाजकही तपासावा लागतो. सरकारी रुग्णालयात पावसाळ्यात खाटांच्या मधल्या जागेत गाद्या घातलेल्या असतात. मंजूर खाटा घेऊन हिशेब केला तर जमिनीवरचे रुग्ण बेड-डेजमध्ये येत नाहीत, त्यांची औषधं मात्र येतात आणि आकडा फुगतो. मध्यरात्रीच्या सेन्ससवरून रोजचे रुग्ण मोजलेले बरे. उलट, भांडारात माल नसला आणि नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून व्हायल आणल्या, तर तो वापर रजिस्टरात उमटतच नाही.

सगळ्यात जास्त मला खटकतं ते शीर्षक. आत फक्त भांडाराचे आकडे असतात आणि वर ‘प्रिस्क्रायबिंग पॅटर्न’ असं छापलेलं असतं. किडनी अधू झालेल्या रुग्णाला डॉक्टरांनी विचारपूर्वक मेरोपेनेम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं, सहा दिवस. एकूण ६ ग्रॅम, म्हणजे २ डीडीडी. सहा दिवसांचे उपचार कोष्टकात दोन दिवसांचे दिसतात. बालरोग वॉर्डात तर डोस वजनावर ठरतो, तिथे हे माप लावूच नये. मोठ्यांच्या वॉर्डात निदान काही केसपेपर काढून, प्रत्यक्ष लिहून दिलेला रोजचा डोस आणि औषध कशासाठी दिलं ते टिपून, डीडीडीच्या शेजारी दोन रकाने घालावेत. मेरोपेनेमचा लिहिलेला सरासरी डोस १.८ ग्रॅम निघाला आणि डीडीडी ३ ग्रॅम असला, तर तो फरक किडनीच्या रुग्णांमुळे आहे की सगळ्यांनाच कमी डोस जातोय, हे त्या केसपेपरवरच्या क्रिएटिनिनवरून कळतं.