लिस्बनचा भूकंप आणि देवाचा न्याय

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणं पाहिली. आज त्याच ईश्वराविरुद्धचा खटला पाहायचा आहे. खटल्याचं आरोपपत्र तीन वाक्यांत मावतं. देव सर्वशक्तिमान आहे. देव पूर्णपणे चांगला आहे. आणि तरीही जगात निरपराध माणसं दुःख भोगतात. यातली कोणतीही दोन वाक्यं एकत्र मान्य करायला अडचण येत नाही. तिन्ही एकदम मान्य करायची म्हटली की पंचाईत होते. शक्ती आहे आणि इच्छाही आहे, तर मग दुःख का?

हा प्रश्न फार जुना आहे. पण तत्त्वज्ञानाच्या इतिहासात एक दिवस असा आहे की ज्या दिवसानंतर या प्रश्नाचा सूरच बदलला. तो दिवस म्हणजे १ नोव्हेंबर १७५५. ठिकाण पोर्तुगालची राजधानी लिस्बन. त्या दिवशी ‘सर्व संतांचा सण’ होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्च भाविकांनी भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. तेवढ्यात जमीन हादरली आणि काही मिनिटांत दगडी छतं प्रार्थना करणाऱ्यांवरच कोसळली. जे वाचले ते मोकळ्या जागेच्या शोधात नदीकाठी धावले. साधारण तासाभराच्या आत समुद्राच्या लाटा नदीतून आत शिरल्या आणि काठावरची माणसं घेऊन गेल्या. उरलेलं काम आगीनं केलं. मेणबत्त्या आणि चुली यांतून पेटलेली ती आग कित्येक दिवस धुमसत राहिली. ‘सर्व संतांचं रुग्णालय’ नावाचं राजाश्रयाचं मोठं इस्पितळही जळालं. मृतांचा आकडा नक्की सांगता येत नाही, पण तो काही दहा हजारांच्या घरात होता याबद्दल वाद नाही. राजा आणि त्याचं कुटुंब शहराबाहेर बेलें इथे होतं म्हणून वाचलं.

आता या प्रसंगाची बोच कुठे आहे, ते नीट पाहू. दिवस सणाचा, वेळ उपासनेची आणि मेले ते देवळात बसलेले. अशा वेळी पहिलं उत्तर येतं ते सगळीकडे सारखंच: ही पापाची शिक्षा आहे. लिस्बनमध्ये ते सर्वांत ठामपणे मांडलं गाब्रिएल मालाग्रिदा या जेझुइट पाद्र्यानं. १७५६ मध्ये त्यानं एक पुस्तिका काढली. भूकंपाचं कारण नैसर्गिक नाही, शहराची पापं हेच कारण आहे, म्हणून आधी प्रायश्चित्त घ्या, असा तिचा आशय होता. तिकडे पुढे मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेला मंत्री ढिगारे उपसायला आणि शहर नव्यानं बांधायला माणसं गोळा करत होता. माणसांनी फावडी घ्यायची की जपमाळ, असा तो सरळ झगडा होता. पोंबालनं गावोगावच्या पाद्र्यांकडे प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, किती माणसं दगावली, समुद्र आधी चढला की ओसरला? मालाग्रिदाला आधी शहराबाहेर घालवण्यात आलं. पुढे राजकारणात सापडून तो तुरुंगात गेला आणि १७६१ मध्ये धर्मन्यायालयानं त्याला पाखंडी ठरवल्यावर त्याला ठार करण्यात आलं. विवेकाच्या बाजूनं उभ्या असलेल्या मंत्र्याचे हात स्वच्छ नव्हते, हेही इथे नोंदवून ठेवू.

शिक्षेच्या या उत्तरात एक मोठी खोट आहे, आणि ती ओळखायची खूण सोपी आहे. हे उत्तर कोणाच्याही उपयोगी पडतं. उत्तर युरोपातले प्रोटेस्टंट उपदेशक म्हणाले, लिस्बनला शिक्षा झाली ती तिथल्या कॅथलिक अंधश्रद्धेची आणि धर्मन्यायालयाच्या क्रौर्याची. लिस्बनचे काही पाद्री म्हणाले, शिक्षा झाली ती शहरात प्रोटेस्टंट व्यापाऱ्यांना थारा दिल्याची. भूकंप एकच, आणि निकाल एकमेकांच्या अगदी उलट! जे स्पष्टीकरण दोन्ही पक्षांना सारखंच लागू पडतं, ते भूकंपाबद्दल काहीच सांगत नाही. ते फक्त बोलणाऱ्याचा राग कोणावर आहे एवढंच सांगतं.

दुसरं उत्तर तत्त्वज्ञांचं. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ यानं १७१० मध्ये ‘थिओडिसी’ हा ग्रंथ लिहिला. ‘देवाच्या न्यायाचं समर्थन’ या अर्थाचा हा शब्दच त्यानं घडवला. त्याचं म्हणणं असं. निर्मितीपूर्वी देवापुढे असंख्य शक्य जगं होती. चांगला आणि सर्वज्ञ देव त्यातलं सर्वोत्तम तेच निवडणार. सर्वोत्तम म्हणजे दुःखरहित नव्हे. मर्यादित जीवांच्या जगात थोडी उणीव अटळच असते. एखाद्या ठिकाणचं दुःख काढून टाकायला जावं तर सगळंच जग बदलेल आणि ते आहे त्याहून वाईट होईल. चित्रातला काळा ठिपका जवळून डाग वाटतो, पण लांबून पाहिलं की तो चित्राचाच भाग असतो.

युक्तिवाद भक्कम आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नये. पण लिस्बननंतर व्होल्तेरनं आधी एका दीर्घ कवितेत आणि मग १७५९ च्या ‘कांदीद’ या कादंबरीत त्याच्या मर्मावर बोट ठेवलं. ज्याचं मूल ढिगाऱ्याखाली आहे, त्याला अखिल विश्वाच्या हिशेबात जमेची बाजू मोठी आहे असं सांगून काय उपयोग? दुःख ‘विश्वाला’ होत नाही, ते कोणाला तरी होतं. समर्थन करायचं तर ते त्या ‘कोणाला तरी’च्या दृष्टीनं करावं लागेल.

इस्लामी परंपरेत हाच मुद्दा एका गोष्टीतून सांगतात. अल-अशअरी आपल्या गुरूला, अल-जुब्बाईला, विचारतो: तीन भाऊ होते. एक पुण्यवान होऊन मेला, एक पापी होऊन, आणि एक लहानपणीच गेला. लहानग्यानं विचारलं, देवा, मला मोठं होऊन पुण्य का करू दिलं नाहीस? देव म्हणेल, तू मोठा होऊन पापी झाला असतास, तुझ्या भल्यासाठीच नेलं. तेवढ्यात नरकातून पापी भाऊ ओरडेल: मग मला का नाही लहानपणीच नेलंस? गुरू निरुत्तर झाला, म्हणतात. देव प्रत्येकाचं भलंच करतो हे सूत्र एकेका माणसाला लावून पाहिलं की कुठे अडतं, ते इथे नेमकं दिसतं.

तिसरं उत्तर रूसोचं, आणि ते आपल्याला फार जवळचं आहे. ऑगस्ट १७५६ मध्ये त्यानं व्होल्तेरला लांबलचक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरं एकाच जागी निसर्गानं बांधली नव्हती. माणसं विखरून, हलक्या घरांत राहिली असती तर हानी कितीतरी कमी झाली असती. म्हणजे दुःखाचा मोठा वाटा माणसाच्याच पदरात येतो. आपल्याला लगेच आठवतं किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणेश विसर्जनानंतरची. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानानं मध्यम. तरी हजारो माणसं गेली. का? दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर धाब्याचं जड माळवद. भिंतींचे दगड एकमेकांत नीट गुंतलेले नव्हते. झोपेतली माणसं दगडमातीखाली गाडली गेली. रूसो इथे बरोबर ठरतो, पण अर्धाच. घर कसं बांधलं याची जबाबदारी माणसाची, पण घरात निजलेल्या तान्ह्या मुलाची नव्हे.

आता भारतीय परंपरेकडे वळू. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात हा खटला रीतसर उभा केला आहे. ईश्वरानं जग निर्माण केलं असेल तर त्याच्यावर दोन दोष येतात: वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयता. कोणी अत्यंत सुखी, कोणी अत्यंत दुःखी, हे कसं? शंकराचार्यांचं भाष्य सांगतं की ईश्वर जीवांच्या कर्माची अपेक्षा ठेवून निर्मिती करतो. तो पावसासारखा आहे. पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो. पण कुठे भात उगवतो, कुठे जव, हा फरक बियाण्याचा. विरोधक पुढे विचारतो, पहिल्या निर्मितीच्या वेळी कर्म कुठे होतं? उत्तर येतं: पहिली निर्मिती अशी नाहीच, संसार अनादि आहे, बीज आणि अंकुरासारखा.

या उत्तराची ताकद ही की ते देवाला पक्षपातातून सोडवतं आणि लहान मुलाच्या दुःखालाही जागा देतं. पण किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. साखळीतली प्रत्येक कडी मागच्या कडीनं समजते, पण अशी साखळी मुळात का असावी, हे समजत नाही. आणि व्यवहारात हा सिद्धांत ज्याला दुःख झालं त्याच्याच माथी दोष मारायला वापरला जातो. आपल्या समाजात अस्पृश्यतेचं समर्थन याच वाटेनं झालं.

म्हणूनच १९३४ चा प्रसंग बोलका आहे. १५ जानेवारीला बिहार आणि नेपाळात प्रचंड भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर उद्ध्वस्त झाली. गांधीजी तेव्हा हरिजन दौऱ्यावर दक्षिणेत होते. तिथे ते म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे. हेतू किती मोठा! पण तर्क? तर्क मालाग्रिदाचाच. रवींद्रनाथांनी जाहीर आक्षेप घेतला, आणि गांधीजींनी तो आपल्या ‘हरिजन’मध्ये उत्तरासह छापला. रवींद्रनाथांचं म्हणणं असं की नैसर्गिक आपत्तीची कारणं नैसर्गिकच असतात. शिवाय हाच युक्तिवाद सनातनी मंडळी उलटा फिरवून म्हणतील, ही शिक्षा अस्पृश्यता मोडायला निघालेल्यांना झाली. लिस्बनमध्ये सापडलेली खूण इथे पुन्हा सापडते. आणि दलितांची घरं काय पडली नव्हती? मग शिक्षा कोणाला?

शेवटचा साक्षीदार कांट. लिस्बनच्या वेळी तो तिशीतला होता, आणि त्यानं १७५६ मध्ये भूकंपाच्या नैसर्गिक कारणांवर तीन निबंध लिहिले. पुढे १७९१ मध्ये, वृद्धपणी, त्यानं देवाच्या न्यायाचं समर्थन करणारे सगळे तात्त्विक प्रयत्न का फसतात यावर लिहिलं, आणि आधार घेतला बायबलमधल्या ईयोबाचा. ईयोब निरपराध. मुलं, संपत्ती, आरोग्य, सगळं गेलेलं. मित्र येऊन समजावतात, तू पाप केलं असशीलच, देव न्यायी आहे. ईयोब मानत नाही, देवालाच जाब विचारतो. अखेर देव बोलतो, पण दुःखाचं कारण सांगत नाहीच. मात्र तो मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की खरं बोलला तो ईयोब. कांटला यातून जे दिसलं ते असं: मित्र देवाची खुशामत करत होते, जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं बोलत होते. ईयोब प्रामाणिक होता.

खटल्याचा निकाल आपण आज लावू शकत नाही. तीन वाक्यांचा मेळ बसवणारं निर्दोष उत्तर कोणत्याच परंपरेपाशी दिसलं नाही. पण उत्तरांची परीक्षा कशी करायची, एवढं तरी हाती आलं. एक, ते उत्तर प्रतिपक्षालाही तितकंच सोयीचं आहे का, हे पाहावं. दोन, ते सोसणाऱ्याच्या समोर बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून म्हणता येईल का, हे पाहावं. लायब्निझचा ग्रंथ पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण होतो, दुसरीत अडखळतो. शिक्षेचं उत्तर दोन्हींत नापास. आणि श्रद्धा ठेवायचीच असेल तर ती ईयोबाच्या मित्रांसारखी ठेवायची की ईयोबासारखी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

पुढच्या वेळी आपण बुद्धाकडे जाऊ. जगाचा कर्ता देव मानायचाच नाही, असं ठरवल्यावर दुःखाचा प्रश्न सुटतो की फक्त त्याचं रूप बदलतं, ते तेव्हा पाहू.