दोन उभ्या रेषांची कुळकथा

नांदेडच्या अथवा लातूरच्या एखाद्या महाविद्यालयात प्रथम वर्षास विद्युतघटाचा पाठ सुरू झाला की पहिल्या स्लाइडवर Zn | Zn²⁺ || Cu²⁺ | Cu ही ओळ उमटते आणि विद्यार्थी तिच्यातील दोन उभ्या रेषा निमूटपणे वहीत उतरवतो. परंतु या रेषा ज्या सरहद्दीच्या निदर्शक आहेत, तिच्या जागी एके काळी बैलाची अन्ननलिका होती, हे त्यास सहसा कोणी सांगत नाही.

व्होल्टाने 1800 साली रचलेल्या चळतीत तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे साचत आणि प्रवाह मंदावे. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील डॅनियलने 1836 साली तांबे मोरचुदाच्या द्रावणात ठेवले, तेव्हा बुडबुड्यांऐवजी तांब्यावर तांबेच बसू लागले. मात्र मोरचूद जस्तापर्यंत पोचले, तर तांबे परस्पर जस्तावरच चढते आणि तारेतून वाहावयास काही उरत नाही. म्हणून द्रावणे अलग ठेवील, पण आयनांस वाट देईल, असा पडदा हवा होता. अन्ननलिकेमागून सच्छिद्र मातीचे भांडे आले आणि आज प्रयोगशाळेत पोटॅशियम क्लोराइड व अगार भरलेला क्षारसेतू असतो. मराठवाड्याच्या वैशाखात तो सुकतो, आणि मापकावरचा आकडा भरकटू लागला की प्रथम त्याचीच झडती घ्यावी.

एकट्या विद्युतअग्राचा विभव मोजता येत नाही. म्हणून हायड्रोजनच्या अग्रास शून्य मानून इतरांचा हिशेब मांडतात. त्या हिशेबाने जस्ताचा प्रमाण विभव −0.76 व्होल्ट आणि तांब्याचा +0.34 भरतो. चिन्हांविषयी अमेरिका व युरोप यांच्यात दीर्घकाळ तंटा होता. त्याचा फैसला 1953 साली स्टॉकहोमला झाला: दोहोंचे क्षपण विभव घेऊन उजव्यातून डावा वजा करावा. 0.34 − (−0.76), म्हणजे 1.10 व्होल्ट. जस्ताचे चिन्ह आधी उलटवून पुन्हा वजाबाकी करणाऱ्याचे उत्तर −0.42 येते, हा प्रमाद, माझ्या मते, अज्ञानापेक्षा घाईचा अधिक.

हे आकडे मात्र 1 मोलर द्रावणांचे. इतर संहतींसाठी लाइपझिगच्या नर्न्स्टने 1889 साली सूत्र दिले:

E = E° − (0.0592/n) log([Zn²⁺]/[Cu²⁺])

जस्त 1 मोलर आणि तांबे 0.001 मोलर असल्यास गुणोत्तर 1000, त्याचा लॉग 3, आणि n 2, म्हणून 1.10 मधून 0.089 वजा होऊन 1.01 व्होल्ट उरतात. तांब्याचे आयन विरळ झाले की त्यांची ओढ घटते, तेव्हा उत्तर घटलेच पाहिजे. 0.0592 हा अंक 25 अंश सेल्सियसचा. 42 अंशांवर तो 0.0625 होतो आणि E° देखील किंचित ढळतो, परंतु दोन्ही मिळून व्होल्टाचा शंभरावा भागही भरत नाही. तेव्हा कोणाचे उत्तर 1.19 आले, तर त्याने उन्हाळ्यास बोल न लावता गुणोत्तर उलटे मांडले नाही ना, ते पाहावे.